दोन चांदण्या आणि कापलेली शेवटची ओळ: आत्याच्या मोबाईल पत्रकाचं प्रकरण

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी गडहिंग्लजहून आत्याचा फोटो आला. मोबाईल रिचार्जचं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं, शिलाई मशीनच्या पाटावर ठेवून काढलेलं. खाली तिचा आवाजी निरोप: "ह्यात कंचं घेऊ सांग. आणि फेब्रुवारीत सिंगापूरला जायचंय, तितं ह्योच नंबर चालंल का तेबी बघ. बँकेचा ओटीपी ह्याच्यावरच येतोय."

मी आठ वर्षं एका मोबाईल कंपनीच्या तक्रार कक्षात काम केलं आहे. तिथं शिकलेली पहिली गोष्ट अशी की पत्रकावरचा मोठा आकडा कधी एकटा नसतो. त्याच्या शेजारी 'प्रति दिवस', 'एकूण' किंवा चांदणीची खूण असते, आणि ती चांदणी तळाच्या बारीक ओळीकडे बोट दाखवते. आत्याच्या फोटोत चांदण्या होत्या, तळ नव्हता. तिचा अंगठा आणि पाटाची कड यांत शेवटच्या दोन-तीन ओळी गेल्या होत्या.

तरीही मी घाई केली. वरचं दिसत होतं त्यावरून उत्तर देऊन टाकलं, आणि त्यातला एक भाग साफ चुकला. तो पुढे येईलच.

पत्रकात तीन चौकटी होत्या. पहिली २९९ रुपयांची: २८ दिवस, दररोज दीड जीबी. दुसरी ८५९ रुपयांची: ८४ दिवस, तीही दररोज दीड जीबी. तिसरी ३१९ रुपयांची: एक महिना, एकूण ३० जीबी, आणि या 'एकूण'वर दोन चांदण्या. कॉल तिन्हींत अमर्याद, दिवसाला १०० एसएमएस तिन्हींत. सगळ्यात खाली रोमिंगचा वेगळा तक्ता, त्याचा उजवा रकाना घडीत अडकलेला.

आत्याचा कल पहिल्या चौकटीकडे होता, आजवर ती तोच रिचार्ज मारत आली होती. "दीड जीबी रोज म्हणजे महिन्याला किती झालं बघ की. तिसऱ्यात नुसतं तीस." हिशेब बरोबरच होता. दीड गुणिले अठ्ठावीस म्हणजे ४२ जीबी. कागदावर पहिली चौकट तिसरीपेक्षा बारा जीबींनी भारी दिसते, आणि दुकानदारही तसंच सांगतो.

मी तिला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डेटा वापराचं पान उघडायला लावलं आणि त्याचा फोटो मागवला. मग चित्र स्पष्ट झालं. सोमवार ते शनिवार ती मशीनवर असते. त्या सहा दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप, भजनं, थोड्या बातम्या मिळून रोजचा अर्धा जीबी जातो. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा ती ब्लाऊजच्या गळ्यांचे नवे नमुने बघते, व्हिडिओ थांबवून-थांबवून वहीत मापं उतरवते. त्या एका दिवसाला अडीच जीबी. आठवड्याचे साडेपाच, तीस दिवसांचे साधारण चोवीस.

रोजच्या मर्यादेचं गणित इथे फिरतं. रोजचा दीड जीबी त्या दिवसापुरताच असतो. रात्री बारा वाजता उरलेला डेटा पुसला जातो आणि नवा दीड जीबी सुरू होतो. सोमवारी अर्धा वापरला तर उरलेला एक जीबी मंगळवारी मिळत नाही. म्हणजे आत्या आठवड्याचे सहा दिवस रोज एक जीबी टाकून देत होती आणि सातव्या दिवशी तिला एक जीबी कमी पडत होता. ४२ जीबी असूनही दर रविवारी दुपारी नेट संपायचं, ते याच कारणाने.

संपायचं म्हणजे काय व्हायचं, तेही सांगते. पत्रकाच्या भाषेत 'दैनिक मर्यादेनंतर वेग ६४ केबीपीएस'. हा आकडा वाचून कुणाला काही कळत नाही, म्हणून मी तिला तो सेकंदांत मांडून दाखवला. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाईट. तीन एमबीचा एक फोटो उतरायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. पूर्ण एक तास नेट अखंड चालू ठेवलं तरी २९ एमबीच्या पुढे जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा लेखी निरोप जातो, पैसे पाठवायचं अ‍ॅप रडतखडत चालतं, व्हिडिओ मात्र गोल फिरत राहतो. तांत्रिक अर्थाने नेट बंद झालेलं नसतं, म्हणून 'अमर्याद डेटा' हा शब्द पत्रकावर टिकतो. उचित वापर मर्यादा म्हणतात ती हीच: अमुक इतकं पूर्ण वेगाने, नंतर मुंगीच्या चालीने.

आत्या त्यावर दर रविवारी उपाय करत होती. १९ रुपयांचं एक जीबीचं जोड-रिचार्ज. एकदा तिने ते रात्री दहाला मारलं आणि सकाळी उठून पाहिलं तर नवा जीबी नाहीसा. 'वैधता १ दिवस' याचा अर्थ त्या कंपनीकडे चोवीस तास नव्हता, त्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत असा होता. दोन तासांसाठी १९ रुपये गेले. 'दिवस' हा शब्द पत्रकात दिसला की तो घड्याळाचा दिवस आहे की तारखेचा, हे विचारायलाच हवं.

तर एकूण ३० जीबीची तिसरी चौकट तिच्यासाठी नीट बसत होती. लागणारे चोवीस, हातात तीस, आणि रविवारी अडीच वापरले तरी कुणी अडवत नाही. मी तसं कळवलं. शेवटी लिहिलं, 'तीस संपले तर नेट हळू होईल, घाबरू नको.'

इथेच चुकले. तळाची ओळ न बघता मी पहिल्या चौकटीचा नियम तिसरीला लावून टाकला.

संध्याकाळी मनात राहिलं म्हणून तिला पत्रक पुन्हा पाठवायला सांगितलं. या वेळी घड्या उलगडून, खिडकीजवळ, आणि दोन फोटो: एक पूर्ण पानाचा, एक फक्त खालच्या चार बोटांचा. फ्लॅश बंद, कारण गुळगुळीत कागदावर तो नेमका आकड्यांवर पांढरा डाग पाडतो. दुसऱ्या फोटोत दोन चांदण्यांची ओळ वाचता आली: 'एकूण डेटा संपल्यानंतर आकार ५० पैसे प्रति एमबी.'

म्हणजे या योजनेत डेटा संपल्यावर वेग कमी होत नाही. वेग तसाच राहतो आणि पैसे सुरू होतात. पन्नास पैसे ऐकायला काहीच नाही. पण एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, तेव्हा जीबीला ५१२ रुपये. आत्याचा एक रविवार त्या दराने बाराशे रुपयांच्या वर गेला असता. ती प्रीपेडवाली असल्याने तितके कापले जात नाहीत, मुख्य शिलकीत असतील तेवढेच जातात आणि शिल्लक शून्य झाली की नेट थांबतं. पोस्टपेडवाल्याला ही आडकाठी नसते, आकडा सरळ बिलात चढतो.

तक्रार कक्षात 'माझे पैसे आपोआप कापले' असं सांगणारे जे यायचे, त्यांच्यातले कितीतरी याच फरकाचे होते. मर्यादा संपल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात, एकीत वेग जातो, दुसरीत पैसा जातो, आणि कोणती होणार हे मोठ्या अक्षरात कधीच नसतं. आत्याला मी लगेच फोन केला, मघाशी चुकीचं सांगितलं म्हणून कबूल केलं. ती म्हणाली, "मग मेन बॅलन्स ठेवायचाच न्हाई, झालं." घरी असताना हे अगदी बरोबर उत्तर आहे. शिलकीत काही नसेल तर कापायला काही नाही. वापराचे एसएमएसही येतात, निम्मा डेटा संपल्यावर आणि ९० टक्क्यांना. दुसरा आला की व्हिडिओचं रिझोल्यूशन उतरवायचं किंवा जोड-रिचार्ज घ्यायचं, असं ठरलं.

मुदतीचा मामला त्यापेक्षा सोपा आहे, पण त्यावर लोक उगाच जास्त तापतात. २८ दिवसांच्या योजनेत वर्षाला तेरा रिचार्ज होतात, हे खरं. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. महिन्याच्या योजनेत बारा, ३१९ प्रमाणे ३,८२८. वर्षाचा फरक ५९ रुपये. भांडण करण्याइतका तो नाही. खरा त्रास तारखेचा आहे. २० जानेवारीला मारलेला २८ दिवसांचा रिचार्ज, तो दिवस धरून, १६ फेब्रुवारीच्या रात्री संपतो, पुढचा १६ मार्चला, त्याच्या पुढचा १३ एप्रिलला. लक्षात ठेवायला तारीखच हाती लागत नाही. महिन्याची योजना दर २० तारखेला. ही सोय आपोआप आलेली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची आणि दर महिन्याला त्याच तारखेला नवी होणारी अशी किमान एकेक योजना ठेवायला लावली. ती तारीख एखाद्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. दुकानदार ही योजना स्वतःहून क्वचित सांगतो. विचारली तर काढून देतो.

८४ दिवसांची चौकट दिवसाच्या भावाने सगळ्यात स्वस्त होती, सव्वादहा रुपयांच्या आसपास. पण तिच्यात पुन्हा रोजचा दीड जीबी, म्हणजे पुन्हा रविवारचे १९ रुपये. ८४ दिवसांत बारा रविवार. भावातला फायदा तिथेच फिटतो आणि वर खिशातून जातं.

बाकीच्या ओळी आम्ही भराभर ओलांडल्या. ५जी अमर्याद असं लिहिलं होतं, पण आत्याचा फोन ४जीचा आहे, तेव्हा ती ओळ तिच्यासाठी नाहीच. त्यातही बारीक अक्षरात तीस दिवसांना ३०० जीबीची मर्यादा होती. अमर्याद कॉलखाली 'वैयक्तिक वापरासाठी' असं होतं. आत्याने विचारलं, "मी गिऱ्हाइकाला ब्लाऊज झालाय म्हणून फोन करते, ते चालंल न्हवं?" चालतं. ही अट एकाच सिमवरून दिवसभरात शेकडो अनोळखी नंबर फिरवणाऱ्यांसाठी असते, दहा-वीस गिऱ्हाइकांना फोन करणाऱ्या शिंपीणबाईसाठी नाही.

दर खरे आहेत का, हेही पाहायला हवं होतं, कारण पत्रकावर छपाईची तारीख नव्हती. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्याआधीची पत्रकं तरीही दुकानांच्या काचेवर कितीतरी दिवस चिकटलेली होती. मी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आत्याचा नंबर घालून तीनही किमती जुळवून घेतल्या. अ‍ॅप नको असेल तर tariff.trai.gov.in वर राज्य आणि कंपनी निवडून योजना बघता येते. मात्र तिथे 'महाराष्ट्र' आणि 'मुंबई' वेगळे निवडावे लागतात. दूरसंचारच्या नकाशात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे एक मंडळ आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. आत्या दुसऱ्यात येते.

आणि तिच्या घरापासून जवळच तिसरं सुरू होतं.

रोमिंगचा विषय निघाला तेव्हा आत्या सिंगापूरबद्दल विचारण्याआधी बेळगावबद्दल बोलली. ती महिन्यातून दोनदा कापड आणायला बेळगावला जाते. संकेश्वर आलं की फोनवर छोटा 'आर' दिसतो आणि नेट बंद पडतं, येताना हद्द ओलांडली की परत चालू. तिने ठरवून टाकलं होतं की कर्नाटकात हा रिचार्ज चालत नाही. पत्रकात तर स्पष्ट होतं: राष्ट्रीय रोमिंग मोफत. कधीकाळी रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. २०१५ मध्ये ट्रायने ते दर उतरवले आणि नंतर स्पर्धेत बहुतेक योजनांतून ते गेलेच. मग नेट का बंद?

फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' नावाचं एक बटण असतं. ते बंद असेल तर बरेच फोन दुसऱ्या मंडळात गेल्यावर नेट तोडतात, मग देश तोच असला तरी. कॉल चालतो, नेट नाही. फोन घेताना कुणीतरी 'पैसे कापतात' म्हणून ते बटण बंद करून दिलं होतं आणि ती चार वर्षं बेळगावात नेटशिवाय फिरत होती. भारतात फिरताना, रोमिंग मोफत असलेल्या योजनेत, ते चालू ठेवायला काही हरकत नाही. वापरलेला डेटा नेहमीच्याच ३० जीबीतून जातो.

पण तेच बटण सिंगापूरला बंद हवं. हे तिला समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता.

दुसऱ्या फोटोत घडी उलगडल्यामुळे आंतरराष्ट्रीय तक्त्याचा उजवा रकाना दिसला. पॅक न घेता वापरल्यास: येणारा कॉल मिनिटाला ६० रुपये, येणारा एसएमएस मोफत, डेटा १० केबीला ५० पैसे. डेटाचा हा दर बघा. इथेही पन्नास पैसेच आहेत, पण मघाशी ते एमबीला होते, आता दहा केबीला. एका एमबीत असे १०२ तुकडे बसतात. म्हणजे एमबीला ५१ रुपये. विमानातून उतरून फोन चालू केला की तो स्वतःहून फोटोंची प्रत साठवायला लागतो, व्हॉट्सअ‍ॅपची तुंबलेली चित्रं ओढतो, अ‍ॅप अद्ययावत करतो. तीन एमबीच्या एका फोटोला दीडशे रुपये. आत्याने काही उघडलंही नसतं आणि शिल्लक गेली असती.

शिल्लक जाण्याने काय बिघडतं? ओटीपीचा एसएमएस मोफत, तो येत राहतो. पण घरून कुणी फोन केला तर तो घ्यायला पैसे लागतात. शिल्लक शून्य असेल तर कॉल लागतच नाही. मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, मधुमेह आहे, आत्या वीस दिवस नाही, तेव्हा तिला ही वाट उघडी हवी होती.

पत्रकात सिंगापूरचा दहा दिवसांचा पॅकही होता. आम्ही तो घेतला नाही. मुलीच्या घरी वायफाय आहे, उतरायला जावई येणार होते, आणि तिला या सिमवर हवं होतं ते फक्त ओटीपी आणि अडीअडचणीचा कॉल. पॅक घ्यायचा असता तर तीन गोष्टी वाचाव्या लागल्या असत्या. मुदत रिचार्ज केल्या क्षणापासून धरतात की परदेशी नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून. पॅक कुठल्या भागीदार नेटवर्कवर चालतो. आणि कुठल्या देशांत. शेवटचा मुद्दा पुस्तकी वाटेल, पण सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सच्या बाजूला, फोन कधीकधी पलीकडच्या मलेशियाचं नेटवर्क पकडतो. माणूस सिंगापुरात आणि फोन मलेशियात. आत्याला हे एका वाक्यात कळलं: "म्हंजे आमच्या संकेश्वरासारखं." अगदी तसंच. फरक इतकाच की इथे त्याचे पैसे पडत नाहीत, तिथे पडतात. मुलीचं घर त्याच भागात असल्याने नेटवर्क आपोआप न निवडता हाताने सिंगापूरचं निवडून ठेवायचं, हे जावयांना कळवलं.

आता मुदत पुन्हा पुढे आली. प्रवास १२ फेब्रुवारी ते ३ मार्च. २० जानेवारीला मारलेला महिन्याचा रिचार्ज १९ फेब्रुवारीला संपणार, म्हणजे ऐन मुक्कामात. मूळ योजना संपली की त्यावर उभी असलेली रोमिंग सेवाही अडू शकते आणि ओटीपी थांबतो. म्हणून निघण्याआधीच दुसरा ३१९चा रिचार्ज मारून ठेवायचा. तो रांगेत उभा राहतो आणि २० फेब्रुवारीला आपोआप सुरू होतो, १९ मार्चपर्यंत. 'रांगेत' गेल्याचा एसएमएस येतो, तो आल्याशिवाय झालं असं धरायचं नाही, कारण काही रिचार्ज रांगेत न लागता जुन्याच्या जागी बसतात.

आणि मुख्य शिल्लक. घरी ती शून्य ठेवायची, परदेशी जाताना भरायची. म्हणून भरायची वेळ ठरवून दिली: ११ तारखेच्या रात्री, त्याआधी नाही. आधी भरली आणि तेवढ्यात ३० जीबी संपले तर प्रति एमबी पन्नास पैशांनी ती इथेच गळून जाईल. शंभराच्या टॉप-अपवर कर आणि प्रक्रिया शुल्क जाऊन हातात ८१ रुपये ७५ पैसे येतात, तेव्हा दोन मारायचे. १६३ रुपये ५० पैसे. साठच्या दराने येणाऱ्या कॉलची जेमतेम पावणेतीन मिनिटं. "बी.पी. बघितलं का, गोळी घेतली का, एवढंच इचारायचं मग," आत्या म्हणाली. बाकीचं वायफायवर.

आंतरराष्ट्रीय रोमिंग आपल्या सिमवर मुळात बंद असतं, ते अ‍ॅपमधून १० तारखेला चालू करून घेतलं. मग एक कागद तिच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला दिला. त्यावर दोनच ओळी: मुंबईला विमानात बसताना 'डेटा रोमिंग' बंद. परत गडहिंग्लजला आल्यावर 'डेटा रोमिंग' चालू.

१३ तारखेला सकाळी तिचा निरोप वायफायवरून आला. बँकेचा ओटीपी पोचला होता, शिल्लक १६३ रुपये ५० पैसे जशीच्या तशी होती. मुक्कामात मामांचा एकच कॉल घ्यावा लागला, दोन मिनिटांचा. १२० रुपये गेले, ४३ रुपये ५० पैसे घेऊन ती परत आली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला तो बेळगावच्या कापडबाजारातून. मागे दुकानदाराचा आवाज, हेलकावे खाणारा कन्नड-मराठी. "अगं, नेट बंद आहे बघ हितं."

मी म्हटलं, "आत्या, पासपोर्टच्या पाकिटातला कागद. दुसरी ओळ."